इंडेक्स किती, ॲक्टिव्ह किती?

म्युच्युअल फंडांत पैसे ठेवणाऱ्या बहुतेक मराठी घरांत आता दोन्ही प्रकारचे फंड सापडतात. एक निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, ज्यात कुणी डोकं चालवत नाही. त्या पन्नास कंपन्या निर्देशांकात ज्या प्रमाणात असतात, त्याच प्रमाणात फंड त्या घेतो. दुसरा ॲक्टिव्ह फंड, ज्यात व्यवस्थापक कंपन्या निवडतो आणि त्या निवडीची फी घेतो. दोन्ही का घेतले, असं विचारलं तर लोक ठीक उत्तर देतात. पण या दोघांत पैसे किती-किती, आणि तितकेच का, या प्रश्नाला उत्तर नसतं. कुणी सत्तर-तीस सांगतं, कुणी निम्मे-निम्मे. हे आकडे कुठून आले, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

या प्रश्नावर १९७३ साली एक नेमका हिशेब मांडला गेला. जॅक ट्रेनर आणि फिशर ब्लॅक हे दोघे अमेरिकन. साठच्या दशकात आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीत त्यांची गाठ पडली, आणि ट्रेनरच्या सहवासात गणितज्ञ ब्लॅक वित्तशास्त्राकडे वळला. ऑप्शनच्या किमतीचं ब्लॅक-शोल्स सूत्र ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तोच हा ब्लॅक. ते सूत्रही १९७३ सालीच छापून आलं. त्याच वर्षी ट्रेनर आणि ब्लॅक यांनी ‘जर्नल ऑफ बिझनेस’मध्ये एक लेख लिहिला. विषय असा, की शेअरचा अभ्यास करणाऱ्याला एखाद्या कंपनीबद्दल बाजारापेक्षा थोडं जास्त कळलंय असं वाटत असेल, तर त्या कळण्यावर किती पैसे लावावेत? बाजार जवळजवळ बरोबरच असतो, हे दोघांनाही मान्य होतं. म्हणून त्यांनी सगळी पुंजी दोन भागांत पाहिली. एक भाग बाजाराचा, म्हणजे निष्क्रिय. दुसरा भाग आपल्या मताचा, म्हणजे सक्रिय. दुसऱ्या भागाचा आकार ठरवणाऱ्या मापाला अप्रेझल रेशो म्हणतात.

हे माप समजायला फंडाच्या परताव्याचे तुकडे करावे लागतात. ॲक्टिव्ह फंड वर गेला, तर त्यातला मोठा वाटा बाजार वर गेला म्हणून आलेला असतो. बाजार एक टक्का हलला की फंड सरासरी किती हलतो, तो आकडा म्हणजे बीटा. तेवढा भाग बाजूला काढा. उरतं ते व्यवस्थापकाचं. त्यातही दोन गोष्टी असतात. एक म्हणजे वर्षाकाठी सरासरीनं बाजारापेक्षा जास्त मिळालेलं, म्हणजे अल्फा. दुसरी म्हणजे त्या सरासरीभोवती दर महिन्याला होणारी खालीवर, जिचा बाजाराशी संबंध नसतो. तिला मी इथे फंडाची स्वतंत्र जोखीम म्हणतो. अल्फाला स्वतंत्र जोखमीनं भागलं की अप्रेझल रेशो मिळतो. बाजाराच्या दिशेनं नव्हे, तर फक्त स्वतःच्या निवडीमुळे पत्करलेल्या प्रत्येक टक्का जोखमीमागे व्यवस्थापकानं किती कमावलं, ते हा आकडा सांगतो.

हे मोजायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फंडाची एनएव्ही ॲम्फीच्या संकेतस्थळावर मिळते, निफ्टी ५० चा टोटल रिटर्न इंडेक्स एनएसईच्या निर्देशांक विभागाकडे, आणि ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा व्याजदर रिझर्व्ह बँकेकडे. एनएव्ही डायरेक्ट प्लॅनची, ग्रोथ पर्यायाचीच घ्यावी, म्हणजे लाभांश वाटल्यानं येणारे खड्डे त्यात येत नाहीत. महिनाअखेरचे एकसष्ट आकडे घेतले की साठ महिन्यांचे परतावे निघतात. फंड आणि निर्देशांक या दोन्हींच्या मासिक परताव्यातून त्या महिन्याचं ट्रेझरी बिलाचं व्याज वजा करायचं. कारण जोखीम न घेता जे मिळालं असतं, त्याचं श्रेय कुणालाच द्यायचं नाही. फंडाचे असे आकडे ‘ई’ रकान्यात आणि निर्देशांकाचे ‘एफ’ रकान्यात ठेवले, तर एक्सेलमध्ये तीन ओळी पुरतात:

```
=INTERCEPT(E3:E62,F3:F62)*12
=SLOPE(E3:E62,F3:F62)
=STEYX(E3:E62,F3:F62)*SQRT(12)
```

पहिली ओळ वार्षिक अल्फा देते, दुसरी बीटा, तिसरी वार्षिक स्वतंत्र जोखीम. पहिलीला तिसरीनं भागलं की अप्रेझल रेशो हातात येतो.

आता हिशेब करू. समजा नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे शेअर बाजारासाठी ठेवलेले दहा लाख रुपये आहेत आणि तिच्यासमोर एक ॲक्टिव्ह फंड आहे. वरच्या तीन ओळींनी पाच वर्षांसाठी असं उत्तर दिलं: अल्फा ४ टक्के, बीटा १, स्वतंत्र जोखीम १० टक्के. म्हणजे अप्रेझल रेशो ०.४. निर्देशांकासाठीही दोन आकडे धरावे लागतात. ट्रेझरी बिलाच्या वर वर्षाला सरासरी ६ टक्के मिळतील आणि चढ-उतार २० टक्के असेल, असं समजू. भागाकार सोपा व्हावा म्हणून मी गोल आकडे घेतलेत. ६ ला २० नं भागलं की ०.३ येतात. बाजाराच्या जोखमीमागे बाजार देत असलेला हा मोबदला, म्हणजे शार्प रेशो.

ट्रेनर-ब्लॅक यांचं उत्तर एका वाक्यात सांगता येतं. अप्रेझल रेशोला बाजाराच्या शार्प रेशोनं भागा आणि आलेल्या आकड्याला बाजाराच्या चढ-उतारानं गुणा. मग बाजाराच्या जोडीला किती स्वतंत्र जोखीम घ्यावी, ते कळतं. निवडीचा मोबदला बाजाराच्या मोबदल्यापेक्षा जितका सरस, तितकी निवडीची जोखीम जास्त घ्यायची, असा त्यामागचा विचार. वजन हवं असेल तर आलेल्या आकड्याला फंडाच्या स्वतंत्र जोखमीनं पुन्हा भागायचं.

शिक्षिकेच्या बाबतीत ०.४ भागिले ०.३, गुणिले २० टक्के, म्हणजे २६.७ टक्के स्वतंत्र जोखीम. फंडाची स्वतंत्र जोखीम १० टक्के, म्हणून फंडाचं वजन २६७ टक्के.

दोनशे सदुसष्ट टक्के. म्हणजे दहा लाखांच्या जागी ॲक्टिव्ह फंडात सव्वीस लाख सत्तर हजार, आणि त्यासाठी इंडेक्स फंड सोळा लाख सत्तर हजारांनी उधार विकायचा. इथे अनेकांना वाटतं की सूत्र चुकलं. सूत्र चुकलेलं नाही. त्याला सांगितलं गेलं की एक माणूस दरवर्षी बाजारापेक्षा खात्रीनं सरासरी ४ टक्के जास्त कमावतो. असा माणूस खरोखर सापडला, तर त्याच्याकडे शक्य तितकं द्यावं, हेच योग्य उत्तर. खोट सूत्राला दिलेल्या आकड्यात आहे. माझ्या मते या मॉडेलची सर्वात मोठी किंमत हीच, की आपण अल्फाचा आकडा किती सहज मान्य करतो ते ते उघड्यावर आणतं. सत्तर-तीसच्या ठोकताळ्यात ही चूक कधी दिसतच नाही.

तर मग तो ४ टक्के कितपत खरा? स्वतंत्र जोखीम वर्षाला १० टक्के, म्हणजे कौशल्य शून्य असलेला फंडही एखाद्या वर्षी केवळ योगायोगानं बाजाराच्या दहा टक्के वर किंवा खाली जाऊ शकतो. पाच वर्षांची सरासरी काढली की योगायोग काहीसा एकमेकांत विरतो, पण पूर्ण नाही. वर्षांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. दहा भागिले पाचचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ४.५ टक्के. मोजलेला अल्फा ४ टक्के आणि मोजण्यातली संभाव्य चूक साडेचार टक्के. पाच डाव खेळलेल्या फलंदाजाच्या सरासरीवरून त्याला संघात घ्यायचं की नाही हे ठरवण्यासारखी ही गोष्ट आहे. संख्याशास्त्रात ‘हा निव्वळ योगायोग नाही’ असं म्हणायला आकडा चुकीच्या निदान दुप्पट असावा असा रिवाज आहे. ०.४ अप्रेझल रेशो तितका पक्का ठरायला पंचवीस वर्षं लागतात. खरा रेशो ०.२ असेल, जो उत्तमच म्हणावा लागेल, तर शंभर वर्षं. तोवर कोणताही व्यवस्थापक एकाच खुर्चीत बसत नाही.

लक्षात घेण्याजोगं हे, की स्वतंत्र जोखीम मोजायला साठ महिने पुरेसे असतात. तिच्यातली चूक फार तर दहाव्या भागाइतकी. बीटाही बऱ्यापैकी मोजता येतो. अप्रेझल रेशोच्या भागाकारात खालचा आकडा भरवशाचा आणि वरचा जवळजवळ अंदाजाचा असतो. वजनाचं सगळं नाट्य वरच्या आकड्यात घडतं.

ट्रेनर आणि ब्लॅक यांना हे माहीत होतं. विश्लेषकाचे आधीचे अंदाज प्रत्यक्षात किती उतरले ते तपासून त्याचा नवा अंदाज आक्रसून घ्यावा, असं त्यांनी सुचवलं होतं. तीच रीत इथे लावू. त्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो: हा फंड पाहण्याआधी सर्वसाधारण फंडाबद्दल आपलं मत काय होतं? विल्यम शार्प यांनी १९९१ साली एका छोट्या लेखात दाखवून दिलं, की सगळ्या सक्रिय गुंतवणूकदारांचा मिळून खर्चाआधीचा परतावा बाजाराइतकाच असणार, कारण बाजारातून निष्क्रियांचा वाटा काढला की उरलेला बाजार म्हणजे तेच लोक. एकाचा फायदा दुसऱ्या कुणाचा तरी तोटा असतो. म्हणून सुरुवातीचं मत: सरासरी अल्फा शून्य. मात्र फंडाफंडांत कौशल्याचा फरक असतो, तो साधारण दीड टक्क्याचा धरू. हा दीड टक्का माझं गृहीत आहे, कुणी दोन धरेल, कुणी एक.

आता मोजलेल्या आकड्याला किती मान द्यायचा? कौशल्यातल्या फरकाचा वर्ग २.२५. मोजण्यातल्या चुकीचा वर्ग २०. दोन्ही मिळून २२.२५, आणि त्यात कौशल्याचा वाटा दहा टक्के. म्हणजे समोर दिसणाऱ्या चार टक्क्यांपैकी आपण फक्त ०.४ टक्के खरे मानायचे. अप्रेझल रेशो ०.४ वरून ०.०४ वर येतो. सूत्र पुन्हा चालवू: ०.०४ भागिले ०.३, गुणिले २० टक्के, म्हणजे २.७ टक्के स्वतंत्र जोखीम. फंडाचं वजन सत्तावीस टक्के, दोन लाख सत्तर हजार. बाकीचे सात लाख तीस हजार इंडेक्स फंडात.

हे उत्तर ऐकायला शहाणपणाचं वाटतं, लोकांच्या सत्तर-तीसच्या जवळपासही येतं. पण इथे थांबलं तर एक गोष्ट राहून जाते. सरासरी अल्फा शून्य, हे खर्चाआधी. एनएव्ही मात्र खर्च वजा जाता मिळालेली असते. इंडेक्स फंडाच्या तुलनेत ॲक्टिव्ह फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा जास्तीचा खर्च अर्धा टक्का धरला, तर सुरुवातीचं मत शून्य नव्हे, उणे अर्धा टक्का असायला हवं. मोजलेले चार टक्के त्या मताच्या साडेचार टक्के वर आहेत. त्यातला दहावा भाग ०.४५. उणे ०.५ मध्ये ०.४५ मिळवले, तर उरतात उणे ०.०५. अल्फा शून्याखाली गेला. वजन शून्य.

फंड तोच, आकडे तेच. एका गृहीतात अर्धा टक्का हलला आणि सत्तावीस टक्क्यांचं वजन नाहीसं झालं. खर्चाचं महत्त्व इतकं आकड्यात दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. रेग्युलर प्लॅनमधल्या गुंतवणूकदाराचा जास्तीचा खर्च अर्ध्या टक्क्याहून बराच मोठा असतो. त्यानं हाच हिशेब करून पाहावा.

याचा अर्थ उत्तर नेहमी शून्यच येतं, असं नाही. हेच चार टक्के दहा वर्षांचे असते, आणि ते सगळं एकाच व्यवस्थापकानं, एकाच पद्धतीनं केलं असतं, तर मोजण्यातली चूक ३.२ टक्क्यांवर येते. मग समोर दिसणाऱ्या फरकाचा साधारण १८ टक्के भाग खरा मानता येतो. खर्चासकट हिशेब केला तर अल्फा ०.३३ टक्के आणि वजन बावीस टक्के. म्हणून फंडाच्या माहितीपत्रकात पाच वर्षांच्या परताव्याआधी व्यवस्थापक कधीपासून आहे ते वाचावं. पाच वर्षांत तीन माणसं बदलली असतील, तर तो अल्फा कुणाचा, हेच सांगता येत नाही, आणि आजच्या माणसाच्या बाबतीत हिशेबाला वर्ष-दीड वर्षच उरतं.

आतापर्यंत मोजलेला चार टक्के हा निदान प्रामाणिकपणे मोजलेला आहे, असं आपण धरलं. प्रत्यक्षात दोन जागी तो खोटाच फुगतो.

पहिली जागा म्हणजे चुकीचा निर्देशांक. वर्तमानपत्रात छापून येणारा निफ्टी फक्त किमतींचा असतो. त्यात कंपन्यांनी वाटलेला लाभांश धरलेला नसतो. फंडाच्या एनएव्हीत मात्र तो जमा होतो. भारतात हा फरक वर्षाला सव्वा टक्क्याच्या आसपास असतो. किमतींच्या निर्देशांकाशी तुलना केली की काहीही न करणाऱ्या फंडालाही सव्वा टक्का अल्फा चिकटतो. तो आकडा न आक्रसता सूत्रात घातला, तर १० टक्के स्वतंत्र जोखमीच्या फंडाला त्र्याऐंशी टक्के वजन मिळतं, निव्वळ लाभांश विसरल्याबद्दल. सेबीनं जानेवारी २०१८ मध्ये परिपत्रक काढून फंडांना टोटल रिटर्न इंडेक्सशीच तुलना करायला लावलं, त्यामागचं कारण हेच. पण घरी हिशेब करताना चुकीचा निर्देशांक उतरवून घेणं अजूनही सोपं आहे.

दुसरी जागा जास्त फसवी. सेबीच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार लार्ज कॅप फंडानं किमान ८० टक्के पैसे पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवायचे. उरलेले २० टक्के तो मध्यम किंवा छोट्या कंपन्यांत ठेवू शकतो. समजा त्यानं १५ टक्के मिड कॅपमध्ये ठेवले आणि त्या काळात मिड कॅपनं निफ्टीला वर्षाला आठ टक्क्यांनी मागे टाकलं. निफ्टीशी तुलना करता त्यातून १.२ टक्के अल्फा तयार होतो. व्यवस्थापकानं एकही कंपनी हुशारीनं निवडलेली नसली तरी. आणि ही गोष्ट मिड कॅप इंडेक्स फंडातून फार स्वस्तात मिळते. ओळखायचं कसं? ‘जी’ रकान्यात निफ्टी मिडकॅप १५० च्या टोटल रिटर्न इंडेक्सचे तसेच मासिक आकडे घ्या आणि फंडाला एकाच वेळी दोन्ही निर्देशांकांशी ताडून पाहा:

```
=LINEST(E3:E62,F3:G62)
```

हे सूत्र तीन आकडे देतं, पण क्रम उलटा असतो: आधी मिड कॅपचा, मग निफ्टीचा, शेवटी मासिक अल्फा. मिड कॅपचा आकडा ०.१५ सारखा ठळक आला आणि अल्फा आक्रसला, तर तेवढा अल्फा निवडीचा नव्हता. मग वजन उरलेल्या अल्फावरूनच ठरवायचं.

याच्याशी जोडलेली एक अडचण निवडीच्या पद्धतीची आहे. बहुतेक लोक फंड शोधताना परताव्याच्या यादीत वरून खाली येतात. शंभर फंडांत कौशल्य कुणातच नसलं, तरी पाच वर्षांनी त्यातले काही योगायोगानं बरेच वर असतात, आणि आपण नेमके तेच उचलतो. आधी सांगितलेली आक्रसण्याची रीत याच्यासाठीही चालते. अट एकच, की सुरुवातीचं मत यादीतल्या सगळ्या फंडांबद्दलचं असावं. यादीत आज नसलेले, मध्येच दुसऱ्या योजनेत विलीन झालेले फंडही त्यात धरायला हवेत. ते वगळले की सरासरी आपोआप चांगली दिसते.

बीटाचा प्रश्न तुलनेनं लहान आहे. वरचं उदाहरण बीटा १ धरून केलं. फंडाचा बीटा ०.९ असेल, तर सत्तावीस टक्क्यांचा ॲक्टिव्ह भाग बाजाराची चोवीस टक्केच जोखीम आणतो. बाजाराची जोखीम पूर्ण ठेवायची, तर इंडेक्समध्ये शहात्तर टक्के हवेत. सत्तावीस आणि शहात्तर मिळून एकशे तीन, म्हणून सगळ्यालाच १.०३ नं भागायचं. ॲक्टिव्हचं वजन सव्वीस टक्के होतं. एका टक्क्याचा फरक. अल्फाच्या अनिश्चिततेपुढे तो नगण्यच.

आता शिक्षिकेला यातून मिळतं काय? सर्वात उदार उत्तर घेऊ, म्हणजे सत्तावीस टक्के वजन आणि ०.४ टक्के अल्फा. मॉडेलमध्ये एक देखणा नियम आहे: मिश्रणाच्या शार्प रेशोचा वर्ग म्हणजे बाजाराच्या शार्प रेशोचा वर्ग अधिक अप्रेझल रेशोचा वर्ग. ०.०९ मध्ये ०.००१६ मिळवून वर्गमूळ काढलं की ०.३०२७ येतात. नुसत्या इंडेक्सचे ०.३ होते. रुपयांत सांगायचं तर दहा लाखांवर वर्षाला सरासरी एक हजार सत्तर रुपये जास्त अपेक्षित. त्यातले निम्मे वाढलेल्या जोखमीचा मोबदला म्हणून वजा केले, तर उरतात साधारण पाचशे तीस. पहिल्या फेरीत, चार टक्के खरे मानून, हाच नियम शार्प रेशो ०.५ चं आश्वासन देत होता.

अप्रेझल रेशोचे वर्ग बेरजेत येतात, यातूनच ट्रेनर-ब्लॅक यांची दुसरी बाजू दिसते. एकमेकांशी संबंध नसलेली अनेक छोटी मतं असली, तर बेरीज मोठी होते. ०.०४ चा एक फंड काही बदलत नाही. पण प्रत्येकी ०.०४ चे पंचवीस स्वतंत्र अंदाज मिळून ०.२ होतात, आणि मिश्रणाचा रेशो ०.३६ वर जातो. मूळ लेख अशा विश्लेषकांसाठी होता, ज्यांच्याकडे पुष्कळ कंपन्यांबद्दल स्वतंत्र मतं असतात. घरच्या गुंतवणूकदाराचे पाच लार्ज कॅप फंड मात्र स्वतंत्र नसतात. त्यांच्या याद्या उघडून पाहिल्या तर तेच मोठे बँकांचे आणि आयटीचे शेअर सगळीकडे दिसतात. व्यवस्थापक चुकतात तेव्हा बहुधा एकदमच चुकतात. म्हणून पाच फंड घेतल्यानं रेशो पाचपट वर्गानं वाढत नाही.

वजन ठरल्यावर ते अमलात आणायचं कसं, यातही पैसे जातात. फंड चांगला गेला की त्याचं वजन सत्तावीसवरून तीसवर सरकतं. मॉडेल म्हणतं, परत आणा. पण विकलं की कर लागतो. जुलै २०२४ पासून वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या इक्विटी फंडावर आर्थिक वर्षात सव्वा लाखापुढच्या नफ्याला साडेबारा टक्के कर आहे. एक वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के, आणि बऱ्याच योजनांत त्यावर एक्झिट लोडही. वर्षाला पाचशे तीस रुपयांच्या अपेक्षित फायद्यासाठी हा खर्च परवडत नाही. शिक्षिकेनं सव्वा लाखाच्या सवलतीत बसेल तेवढंच विकावं. किंवा त्याहून सोपं, तिची महिन्याची दहा हजारांची एसआयपी चालू असेल, तर जो भाग ठरलेल्या वजनापेक्षा कमी आहे, त्यात काही महिने पूर्ण हप्ता वळवावा. तीस टक्क्यांवर गेलेला ॲक्टिव्ह भाग, म्हणजे दहा लाखांतले तीन लाख, सत्तावीस टक्क्यांवर यायला इंडेक्स फंडात सुमारे एक लाख अकरा हजारांची भर लागते. बाजार स्थिर राहिला तर ते अकरा-बारा हप्त्यांत होतं, आणि काहीही विकावं लागत नाही. अल्फाचा नवा अंदाज त्या वर्षाच्या शेवटी, आणखी बारा महिन्यांचे आकडे जोडून, पुन्हा काढावा.